हाताखाली किती माणसं? सहीचा अधिकार नसलेल्या लाइन इनचार्जने बायोडेटा कसा लिहावा

चाकणच्या एका कारखान्यात लाइन इनचार्ज असलेली एक मुलगी गेल्या वर्षी तिचा बायोडेटा घेऊन माझ्याकडे आली. डिप्लोमा मेकॅनिकल, पाच वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची दोन वर्षं इनचार्ज म्हणून. तिला दुसऱ्या कारखान्यात असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. पहिल्याच पानावर तीन ठळक ओळी होत्या: ‘६५ जणांच्या टीमचं व्यवस्थापन’, ‘वार्षिक ६० लाखांचं बजेट’ आणि ‘सेलचं संपूर्ण नेतृत्व’.

मी तिला एवढंच विचारलं, “यातल्या किती जणांच्या अप्रेझलवर तुझी सही असते?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एकाच्याही नाही, सर.”

मुलगी कामाची होती, हे पुढच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात कळलं. तिने केलेलं काम या तीन ओळींपेक्षा चांगलं होतं, पण ओळी अशा होत्या की पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळल्या असत्या. मी बरीच वर्षं उत्पादन विभागात आहे आणि मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसतो. पहिल्यांदाच माणसं सांभाळणाऱ्यांच्या बायोडेटात मला दोन प्रकारच्या चुका दिसतात. काहीजण आकडे फुगवतात. बाकीचे ‘मी काय, नुसता सुपरवायझर’ म्हणून निम्मं काम लिहीतच नाहीत. दोन्हींचं मूळ एकच आहे. आपल्याकडे कागदावर अधिकार नाही, मग जे आहे ते कसं सांगायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. त्या मुलीचा बायोडेटा आम्ही दोघांनी बसून पुन्हा कसा लिहिला, ते इथे सांगतो. तुम्ही शिफ्ट इनचार्ज, सेल लीडर किंवा ग्रुप लीडर असाल, तर तुमचा कागद शेजारी घेऊन वाचा.

पहिलं काम: हजेरीपट समोर ठेवा

आधी आकडा कुठून आला ते शोधा. तिचे ६५ कुठून आले? सेलमध्ये सहा सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी होते, त्यांच्यापुढे डीबरिंग, वॉशिंग, तपासणी आणि पॅकिंग. सेल तीन शिफ्टमध्ये चालायचा. प्रत्येक शिफ्टला साधारण २२ माणसं, म्हणजे तिन्ही मिळून ६६. तिने सगळी धरली होती. पण ती एका शिफ्टची इनचार्ज होती. उरलेल्या दोन शिफ्टना तिच्याच बरोबरीचे दोन इनचार्ज होते. तेही बायोडेटात ६५ लिहू शकले असते, आणि तिघांचे अर्ज एकाच टेबलावर आले असते तर काय झालं असतं, याचा विचार करा.

मग आम्ही तिच्या गटाचे २२ घेतले आणि ते नेमके कुणाचे आहेत, हे पाहिलं. सात जण कंपनीच्या रोलवरचे कायम ऑपरेटर. पाच अप्रेंटिस. आणि दहा जण ठेकेदाराच्या मस्टरवरचे. हे वेगळं करणं फार गरजेचं आहे, कारण या तिघांशी तुमचं नातं तीन प्रकारचं असतं. कायम ऑपरेटर कागदावर प्रॉडक्शन मॅनेजरला रिपोर्ट करतात. अप्रेंटिस हा १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ असतो, कामगार नव्हे. त्याला काम शिकवण्याची जबाबदारी तुमच्यावर असते, पण त्याच्यावर उत्पादनाचा भार टाकला असं तुम्ही बायोडेटात लिहून बसलात, तर वाचणारा एचआरवाला भुवया उंचावेल. ठेकेदाराच्या माणसांचा पगार, रजा, शिस्त हे सगळं ठेकेदाराकडे असतं. त्यांना ‘माझे कर्मचारी’ म्हणू नका. ठेकेदारीची व्यवस्था खरी आहे की नुसती कागदावरची, हा वाद उभा राहिला की त्या माणसांवर ताबा आणि देखरेख कुणाची हे पाहिलं जातं. त्यामुळे जाणकार माणूस या बाबतीत शब्दांकडे बारकाईने बघतो.

त्यानंतर अजून एक फरक केला, जो बरेचजण विसरतात. पटावर २२ नावं होती, पण रोज मशीनसमोर उभी राहायची साधारण १८. बाकीचे साप्ताहिक सुट्टी, रजा किंवा गैरहजर. मुलाखतीत मी जेव्हा “शिफ्ट किती माणसांत चालवता?” असं विचारतो तेव्हा मला १८ हा आकडा हवा असतो, कारण खरी कसरत तिथे असते. पटावरचा आकडा संघटनेचा आकार सांगतो, हजेरीचा आकडा तुमच्या सकाळच्या सात वाजताच्या अडचणी सांगतो. दोन्ही माहीत हवेत.

याशिवाय क्वालिटीचे दोन इन्स्पेक्टर आणि मेंटेनन्सचा एक फिटर तिच्या शिफ्टला असायचे. ते तिच्या टीममध्ये धरायचे नाहीत. त्यांचे साहेब वेगळे. पण त्यांच्याशिवाय शिफ्ट चालत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख वेगळ्या शब्दाने करायचा.

शब्दांचंही थोडं बघू, कारण बायोडेटा बहुतेक जण इंग्रजीत लिहितात आणि तिथे क्रियापदांवरून माणूस पकडला जातो. ‘मॅनेज्ड’ म्हटलं की वाचणारा गृहीत धरतो की भरती, अप्रेझल, रजा यांवर तुमची सही आहे. ‘सुपरवाइज्ड’ म्हटलं की रोजचं काम वाटून देणं आणि ते करून घेणं तुमच्याकडे आहे. ‘कोऑर्डिनेटेड विथ’ म्हटलं की ती माणसं दुसऱ्याची, पण काम तुम्ही जुळवून आणता. या तीन शब्दांची सरमिसळ केली नाही, तर निम्मं काम झालं. तिची टीमची ओळ आम्ही अशी केली:

‘तीन शिफ्टच्या मशिनिंग सेलमधल्या एका शिफ्टच्या २२ जणांच्या रोजच्या कामाची देखरेख (७ कायम ऑपरेटर, ५ अप्रेंटिस, १० ठेकेदाराची माणसं), क्वालिटी आणि मेंटेनन्सच्या ३ जणांशी समन्वय. औपचारिक रिपोर्टिंग प्रॉडक्शन मॅनेजरकडे.’

शेवटचं वाक्य ठेवायला ती कचरत होती. “मग मला कोण बोलावेल, सर?” असं तिने विचारलं. मी सांगितलं की असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी पाच वर्षांच्या अनुभवाची डिप्लोमाची मुलगी अप्रेझलवर सही करत असेल, असं कुणीच धरून चालत नाही. ते वाक्य वाचलं की उलट पुढच्या ओळींवर विश्वास बसतो.

पैसा: तुमच्या हातून काय जातं ते मोजा

बजेटची ओळ सर्वांत जास्त घोटाळा करते. ‘वार्षिक ६० लाखांचं बजेट’ हे तिने कसं काढलं? सेलसाठी लागणाऱ्या कन्झ्युमेबलचा इंडेंट दर महिन्याला ती भरायची. तिघा इनचार्जनी कामं वाटून घेतली होती. एकाकडे मनुष्यबळाचं रोस्टर, एकाकडे फाइव्ह एस आणि सेफ्टी, हिच्याकडे टूलिंग आणि स्टोअरचा इंडेंट. हा इंडेंट महिन्याला पाच लाखांच्या आसपास जायचा. त्याला बारांनी गुणलं की झाले ६० लाख.

आकडा खोटा नव्हता. शब्द चुकला होता. बजेट म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला रक्कम मागायची, ती मंजूर करून घ्यायची, महिन्याला प्रत्यक्ष खर्चाशी ताळा करायचा आणि फरक पडला तर उत्तर द्यायचं. हे तिचा मॅनेजर करत होता. ती मागणी ठरवत होती, म्हणजे किती इन्सर्ट, किती कूलंट ऑइल, किती हातमोजे लागतील याचा अंदाज तिचा. मंजुरी मॅनेजरची. दर ठरवणं खरेदी विभागाचं.

म्हणून पैशाबद्दल लिहिताना स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारा. माझ्या एकट्याच्या सहीने किती रुपये खर्च होऊ शकतात? माझ्या शिफारशीवर, दुसऱ्याच्या सहीने, किती जातात? आणि सही कुणाचीही असो, माझ्या वागण्याने कोणता खर्च कमी-जास्त होतो? तिच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर शून्य. दुसऱ्याचं उत्तर महिन्याला पाच लाख. आणि तिसऱ्याच्या उत्तरात तिची खरी कमाई दडलेली होती, जी बायोडेटात एका चुकीच्या वाक्यात चेपली गेली होती: ‘इन्सर्टवर दरमहा ९५ हजारांची बचत’.

हे प्रकरण सविस्तर सांगतो, कारण पहिल्या नोकरीतला माणूस बचतीचा आकडा कुठे चुकतो ते यात स्पष्ट दिसतं.

तिच्या सेलमध्ये टर्निंगला जो इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टिप, वापरत, त्याला चार कॉर्नर असतात. एक बोथट झाला की टिप फिरवायची, दुसरा वापरायचा, मग उलटी करून उरलेले दोन. तिला स्क्रॅपच्या डब्यात दोन-दोन कॉर्नर कोरे असलेल्या टिपा सापडू लागल्या. रात्रीच्या शिफ्टला ऑपरेटर बदलला की आधीच्याने कोणता कॉर्नर वापरलाय ते नव्याला कळत नसे, मग तो सरळ नवी टिप लावी. दुसरं कारण तिने एका ऑपरेटरचं लॉकर उघडं दिसलं तेव्हा पाहिलं. आत पंधरा-वीस कोऱ्या टिपा. स्टोअर संध्याकाळी सहाला बंद होतं आणि रात्री टिप मिळत नाही, म्हणून प्रत्येकाने आपला साठा करून ठेवला होता. म्हणजे इंडेंट वाढत होता, पण त्यातला एक भाग कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसत होता.

तिने आधी प्रत्येक मशीनला एक छोटी डबी दिली, तीत कायम दोन जादा टिपा. ही डबी शिफ्ट सोपवताना दाखवायची. साठ्याची गरज अशी संपल्यावर मग नियम आणला: वापरलेल्या कॉर्नरवर लाल मार्करची खूण करायची, आणि चारही कॉर्नर लाल झालेली टिप परत दिल्याशिवाय नवी मिळणार नाही. हा क्रम महत्त्वाचा होता. नियम आधी आणला असता तर लोकांनी अजून टिपा लपवल्या असत्या.

चार महिन्यांनी महिन्याचा वापर १४४० टिपांवरून ११७० वर आला. सेलचं उत्पादन दोन्ही वेळेला महिन्याला साधारण ९० हजार नग, आणि नगही तेच. आता रुपये बघा. सुरुवातीला टिपेचा दर ३०० रुपये होता, म्हणजे १४४० टिपांचे ४,३२,००० रुपये. याच चार महिन्यांत खरेदी विभागाने पुरवठादाराशी बोलून दर २८८ वर आणला. म्हणून ११७० टिपांचे ३,३६,९६० रुपये झाले. फरक ९५,०४०. तिने हाच लिहिला होता.

पण यात दराची कमाई खरेदी विभागाची आहे. ११७० टिपांवर प्रत्येकी १२ रुपये, म्हणजे १४,०४० रुपये. उरलेले ८१,००० तिच्या कामाचे. मुलाखतीत टूलिंग जाणणारा कुणी बसला असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो की दर बदलला होता का, ग्रेड बदलली होती का. या प्रश्नावर अडखळलात तर खरे ८१ हजारही गेले.

यातून एक साधी युक्ती निघते. शक्य असेल तिथे रुपयांऐवजी वस्तूंमध्ये लिहा, आणि नगांच्या प्रमाणात लिहा. १४४० भागिले ९० हजार, म्हणजे हजार नगांना १६ टिपा. नंतर ११७०, म्हणजे हजार नगांना १३. ‘हजार नगांमागे इन्सर्टचा वापर १६ वरून १३ वर’ या वाक्यात दराचा संबंधच येत नाही. उत्पादन कमी झालं म्हणून वापर कमी झाला असेल, ही शंकाही उरत नाही. शिवाय कंपनीचा खरेदीचा दर तुम्ही बाहेर फोडत नाही. हा मुद्दा लहान वाटतो, पण पुरवठादाराचा दर, ग्राहकाचं नाव, नगाची किंमत हे बायोडेटात उघडं करणाऱ्या माणसाला मी स्वतः घ्यायला कचरतो. उद्या तो आमचंही असंच सांगेल.

ती ओळ शेवटी अशी झाली:

‘सेलच्या (तिन्ही शिफ्ट) कन्झ्युमेबलचा मासिक इंडेंट तयार करण्याची जबाबदारी, साधारण ५ लाख रुपये, मंजुरी प्रॉडक्शन मॅनेजरची. इन्सर्ट परत करण्याची पद्धत सुरू करून वापर चार महिन्यांत हजार नगांमागे १६ वरून १३ वर.’

इथे ‘तिन्ही शिफ्ट’ हा शब्द मुद्दाम आहे. टीम एका शिफ्टची आणि पैसा संपूर्ण सेलचा, ही दोन वेगळी वर्तुळं आहेत. ती वेगळी दाखवली नाहीत तर वाचणारा २२ माणसांवर पाच लाख भागतो आणि हिशेब लागत नाही म्हणून संशय घेतो.

ओव्हरटाइमबद्दल दोन शब्द. बरेच इनचार्ज ओव्हरटाइमची यादी करतात आणि लिहितात की ओव्हरटाइम ‘कंट्रोल’ केला. ओव्हरटाइम बहुतेक वेळा ऑर्डरवर अवलंबून असतो. ऑर्डर कमी झाली की तास आपोआप कमी होतात. तुमच्यामुळे कमी झाला हे दाखवता येत नसेल, तर ती ओळ गाळा.

अधिकार नाही, मग ठरवता काय?

‘सेलचं संपूर्ण नेतृत्व’ ही ओळ आम्ही पूर्ण खोडली. तिच्या जागी काय घालायचं हे ठरवायला एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: स्वतः ठरवते, शिफारस करते, वर कळवते. मग मागच्या आठवड्यात घडलेल्या गोष्टी एकेक करून भरायला सांगितल्या. सर्वसाधारण नको, मागच्या आठवड्यातल्याच. ‘सामान्यतः मी…’ असं सुरू केलं की माणूस आपोआप फुगवतो.

पहिल्या रकान्यात आलं: सकाळी कोण कुठल्या मशीनवर उभं राहणार. दोन ऑपरेटर आले नाहीत तर कुठलं मशीन बंद ठेवायचं. सेटिंगनंतरचा पहिला नग नापास झाला तर मशीन थांबवायचं. कुठला अप्रेंटिस एकट्याने लोडिंग करायला तयार झाला. ही शेवटची गोष्ट तिला स्वतःला फार मोठी वाटत नव्हती. पण स्किल मॅट्रिक्सवर कुणाच्या नावापुढचा गोल अर्धा भरायचा आणि कुणाचा पूर्ण, हे तीच ठरवत होती, आणि त्या गोलावर माणसाला कुठल्या मशीनवर उभं करायचं ते ठरतं. हा खरा निर्णय आहे.

दुसऱ्या रकान्यात: ओव्हरटाइमची नावं, रजा, कायम ऑपरेटरच्या अप्रेझलसाठी तोंडी मत, इंडेंट. तिसऱ्यात: ब्रेकडाउन अर्ध्या तासाच्या पुढे गेला तर मॅनेजरला फोन, अपघात, ग्राहकाची तक्रार, ठेकेदाराच्या माणसाबद्दल तक्रार (ही ठेकेदाराच्या सुपरवायझरला कळवायची, स्वतः मेमो द्यायचा नाही).

बायोडेटात पहिला रकाना जवळपास पूर्ण घ्या, दुसऱ्यातलं एखाद-दुसरं घ्या आणि तिसरा सोडून द्या. पण मुलाखतीला जाताना तिसरा पाठ असू द्या. आपली हद्द कुठे संपते हे नेमकं सांगणारा माणूस अधिकार हाताळू शकेल, असं मला वाटतं. हद्द न सांगणाऱ्याबद्दल वाटत नाही.

आता सगळ्यांत मोलाची गोष्ट, जी तिने लिहिलीच नव्हती. टिपा परत करण्याची पद्धत तिन्ही शिफ्टला लागली, म्हणजे बरोबरीच्या दोन इनचार्जनी ती स्वीकारली. त्यांच्यावर हिचा काडीचा अधिकार नव्हता. मी विचारलं, “दुसऱ्या शिफ्टवाल्याने ऐकलं कसं?” सुरुवातीला त्याने ऐकलं नव्हतं. रोस्टरचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला शनिवारी रात्री ऑपरेटर कमी पडत. हिने आपल्या गटातल्या दोन अप्रेंटिसना व्हीएमसीचं लोडिंग शिकवून तयार केलं, म्हणजे तिच्या शिफ्टचा एक कायम ऑपरेटर शनिवारी त्याच्याकडे देता आला. महिनाभराने त्याने स्वतः डबी आणि लाल मार्कर सुरू केला. तिसऱ्याने मग दोघांचं बघून केलं.

ज्याला हुकूम देता येत नाही त्याच्याकडून काम करून घेणं, हेच अधिकार नसलेल्याचं नेतृत्व. लिहायचं तेव्हा ‘मी तिन्ही शिफ्टमध्ये राबवलं’ असं लिहू नका. ‘पद्धत सुचवली, स्वतःच्या शिफ्टमध्ये चालवून दाखवली, दोन महिन्यांत बाकीच्या दोन इनचार्जनी स्वीकारली’ असं लिहा. इतरांचा वाटा त्यात राहतो आणि तुमचा कमी होत नाही.

पुरावा गोळा करायचा तो नोकरी सोडायच्या आधी. कंपनीच्या फायलींचे फोटो काढू नका, ते चूक आहे आणि महागातही पडतं. घरच्या वहीत दर महिन्याच्या शेवटी चार ओळी लिहा: पटावर किती, हजेरी सरासरी किती, काय बदललं, आधी किती होतं आणि नंतर किती. सुरुवातीचा आकडा नंतर कुठेच मिळत नाही, म्हणून तो बदल करायच्या आधीच लिहून ठेवा.

अर्जाचे रकाने आणि मुलाखतीतले प्रश्न

ऑनलाइन अर्जात ‘डायरेक्ट रिपोर्ट किती’ असा रकाना असतो आणि त्यात नुसता आकडा घालता येतो. अधिकार नसेल तर तिथे शून्य लिहा. इनडायरेक्टचा रकाना असेल तर त्यात २२. ‘बजेट हाताळलं’ या रकान्यात आकडाच मागत असतील तर मी शून्य लिहिण्याच्या मताचा आहे, आणि इंडेंटची गोष्ट बायोडेटात. काही जण म्हणतात की शून्य लिहिलं की अर्ज चाळणीतच गळतो. काही ठिकाणी गळतही असेल. पण जिथे सहीच्या अधिकाराशिवाय चालणारच नाही, ती जागा तुम्हाला मिळाली तरी पहिल्याच अप्रेझलच्या वेळी अडचण होईल. आणि नव्या कंपनीने जुन्या मॅनेजरला फोन केला तर तो ‘साधारण वीस जण’ म्हणेल. कागदावर ६५ असतील तर त्या एका फोनमध्ये सगळं संपतं.

मुलाखतीत टीमचा आकडा सांगितला की पुढचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. रजा कोण मंजूर करतं? एखादा सतत उशिरा येत असेल तर तुम्ही काय करता? कुणाला काढून टाकायची वेळ आली होती का? इथे खरं उत्तर तयार ठेवा. तिने आमच्या सरावात उशिरा येणाऱ्याबद्दल म्हटलं, “मी त्याला समजावते.” मी म्हटलं, “समजावून नाही ऐकलं तर?” मग ती खरं बोलली. ठेकेदाराच्या मस्टरवरचा एक मुलगा रोज वीस मिनिटं उशिरा यायचा. मेमो देण्याचा अधिकार नाही, म्हणून तिने पंधरा दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्या, त्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला दाखवल्या. त्यातून कळलं की मुलगा खेडहून येतो आणि पहिली बस उशिरा सुटते. त्याला सकाळच्या पॅकिंगऐवजी अर्ध्या तासाने सुरू होणाऱ्या वॉशिंगवर घेतलं. मी म्हटलं, हेच सांग. वहीतल्या पंधरा वेळांसकट सांग.

तुम्ही अजून नोकरी बदलत नसाल, तर आणखी एक काम आजच करता येईल. मॅनेजरकडे दोन छोटे अधिकार लेखी मागा. उदाहरणार्थ, एक दिवसाची किरकोळ रजा तुमच्या सहीने, आणि स्टोअरमधून ठरावीक रकमेपर्यंतचा माल तुमच्या सहीने. बहुतेक मॅनेजर हे खुशीने देतात, कारण त्यांचेही रोजचे फोन कमी होतात. ईमेलवर दोन ओळींत आलं तरी चालतं. सहा महिन्यांनी तुमच्या बायोडेटात ‘मंजुरी’ हा शब्द खऱ्या अर्थाने येतो, रकमेसकट. रक्कम दहा हजार असली तरी ती तुमच्या सहीची असते.

तिने हे केलं. अर्ज मात्र तिने थांबवला नाही, नव्या ओळींसह तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणच्या मुलाखतीत समोरचा माणूस टूल रूममधून वर आलेला होता. त्याने ५ लाख किंवा २२ यांबद्दल काही विचारलं नाही. सरळ विचारलं, “मार्कर लाल का? कूलंटने पुसला जात नाही?” ती म्हणाली, “पहिला पुसला जायचा, सर. मग ऑइल पेंटचा मार्कर आणला.” त्यापुढे अर्धा तास ते टिपांवरच बोलत होते.

ऑफर आली तेव्हा तिने मला फोन केला आणि विचारलं की आता काय बघायचं. मी सांगितलं, आता तूच त्यांना तीन प्रश्न विचार. कागदावर मला रिपोर्ट करणारी माणसं किती आणि कुठल्या रोलवरची? किती रुपयांपर्यंत माझी सही चालेल? अप्रेझलला माझं मत लेखी जाणार की तोंडी? उत्तरं आली: १४ जण, २५ हजार रुपये आणि लेखी. पहिल्या दिवशी जॉइन होताना तिने ही तिन्ही उत्तरं एचआरकडून ईमेलवर घेतली.